तीन लॅब, तीन रिपोर्ट: ब्लास्टोसिस्टिस आणि सायक्लोस्पोरा

प्रश्न: वय 41, एरवी तब्येत ठणठणीत. साडेतीन आठवड्यांपासून पातळ संडास, भूक मेली आहे, वजन पाच किलो उतरलं. पहिल्या लॅबने ‘ब्लास्टोसिस्टिस, भरपूर’ असं दिलं. त्यावर सात दिवस मेट्रोनिडाझोल घेतलं. मग चार दिवस बरं होतं, तेव्हाच खात्रीसाठी दुसऱ्या लॅबमध्ये तपासलं तर ‘ओव्हा अँड सिस्ट: नॉट सीन’. नंतर त्रास पुन्हा सुरू झाला. तिसऱ्या लॅबने ‘सायक्लोस्पोराचे ऊसिस्ट, तुरळक’ असं लिहिलं आहे. तिघांपैकी खरं कोण? आणि ब्लास्टोसिस्टिस गेला कुठे?

उत्तर: तिघंही खरे असू शकतात, आणि तुमची हकिकत वाचून मला तरी तसंच वाटतं. मी परजीवींच्या निदानाचं काम करतो, दिवसातला बराच वेळ मायक्रोस्कोपवर जातो. असे एकमेकांशी न जुळणारे रिपोर्ट घेऊन लोक येतात, तेव्हा मी आधी एकच विचारतो: स्लाइड कोणत्या पद्धतीने केली होती? ‘शौच तपासणी’ ही एकच एक तपासणी नाही. या दोन जीवांच्या बाबतीत तर एकाला दाखवणारी पद्धत दुसऱ्याला बऱ्याचदा लपवते. तुमच्या तिन्ही रिपोर्टांतला गोंधळ बहुतेक तिथूनच आला आहे.

पहिल्या रिपोर्टपासून सुरू करतो. रोजच्या तपासणीत ताज्या नमुन्याचा कणभर भाग सलाइनच्या थेंबात कालवतात, शेजारी दुसरा आयोडीनच्या थेंबात, वर कव्हरस्लिप, आणि आधी 10, मग 40 च्या लेन्सखाली बघतात. ब्लास्टोसिस्टिस सापडतो तो बहुधा इथेच. त्याचं ओळखीचं रूप म्हणजे एक गोल पेशी, मध्यभागी मोठी रिकामी दिसणारी पोकळी, आणि त्या पोकळीने कडेला रेटलेली पेशीद्रव्याची बारीक किनार. केंद्रकं त्या किनारीतच असतात, एक ते चार, बऱ्याचदा समोरासमोर. फाइन फोकस हलक्या हाताने मागेपुढे केला की किनारीचा तेवढाच भाग जाड दिसतो आणि पुढे पुन्हा बारीक होतो, खडे बसवलेल्या अंगठीसारखा. आयोडीनमध्ये किनार पिवळसर तपकिरी होते, मधली पोकळी कोरीच राहते. या खुणा जुळल्या तर सरावलेल्या नजरेला शंका उरत नाही.

पण त्या नेहमी जुळत नाहीत. पहिली अडचण आकाराची. साधारण 8 ते 10 मायक्रॉनचा जीव म्हणून आपण त्याला ओळखतो, पण एकाच स्लाइडवर 5 मायक्रॉनचा आणि 30 मायक्रॉनचा शेजारी शेजारी दिसू शकतात. दुसरी अडचण रूपांची. पोकळीत दाणे भरलेलं रूप असतं, वेडंवाकडं अमिबासारखं रूप असतं, आणि एक जाड आवरणाचं सिस्टचं रूप असतं, जे फार लहान असल्यामुळे साध्या स्लाइडवर सहज निसटतं. तिसरी अडचण तोतयांची. यीस्ट, चरबीचे थेंब, पस सेल्स, काही निरुपद्रवी अमिबांचे सिस्ट, सगळे गोल आणि याच मापाच्या आसपासचे. यीस्टला कोंब फुटलेला सापडला तर सुटका. चरबीचा थेंब फार चकाकतो आणि आत काहीच नसतं. पस सेलच्या आतला केंद्रक तुकड्यातुकड्यांचा असतो आणि तो कडेला चिकटलेला नसतो. शंका उरली तर एक जुनी युक्ती आहे: कव्हरस्लिपच्या कडेला साध्या पाण्याचा थेंब सोडायचा. ब्लास्टोसिस्टिसची पोकळीची रूपं पाण्यात फुगून फुटतात. यीस्ट आणि चरबी जागच्या जागी राहतात.

ही युक्ती ओळख पटवायला कामाची आहे, पण दुसऱ्या बाजूने तीच घात करते. घाईत एखाद्याने सलाइनऐवजी नळाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात स्लाइड केली, तर त्या रुग्णाचा ब्लास्टोसिस्टिस बघण्याआधीच फुटून गेलेला असतो. रिपोर्ट जातो ‘नॉट सीन’. स्लाइडवर काय होतं हे नंतर कोणीच सांगू शकत नाही.

तुमच्या पहिल्या लॅबने ‘भरपूर’ लिहिलं आहे. इतक्या संख्येने असलेला ब्लास्टोसिस्टिस यीस्ट किंवा चरबी समजून चुकणं कठीण असतं, त्यामुळे तो रिपोर्ट मी खरा धरतो. आता खरा प्रश्न असा की सापडला म्हणून तोच त्रासाचं कारण का?

इथे मला हातचं राखूनच बोलावं लागेल, कारण या क्षेत्रातले जाणकारही यावर एकमत नाहीत. हा जीव 1911-12 च्या सुमारास नोंदवला गेला आणि त्यानंतर कित्येक दशकं त्याला निरुपद्रवी यीस्ट समजत होते. 1967 मध्ये संशोधक झिअर्ट यांनी तो प्रोटोझोआ, म्हणजे एकपेशी परजीवी, असल्याचं दाखवलं. 1990 च्या दशकात जनुकीय अभ्यासातून कळलं की त्याचे जवळचे नातलग अमिबा किंवा जिआर्डिया नसून पाण्यातली काही शेवाळं आणि बुरशीसारखे जीव आहेत. आज आपण ज्याला एका नावाने ओळखतो तो अनेक उपप्रकारांचा समूह आहे. माणसात मुख्यतः पहिले चार उपप्रकार सापडतात, आणि मायक्रोस्कोपखाली ते सगळे अगदी सारखे दिसतात. पोटाची काहीही तक्रार नसलेल्या माणसांतही हा भरपूर प्रमाणात सापडतो. म्हणून तो दिसला याचा अर्थ तो आतड्यात राहतो आहे, एवढाच. जुलाब त्याच्यामुळेच आहेत हे त्यावरून सिद्ध होत नाही.

काही लॅब आजही 40 च्या लेन्सखाली दर फील्डला पाचपेक्षा जास्त दिसले तर ते महत्त्वाचे मानतात. मी संख्या रिपोर्टवर जरूर लिहितो, कारण उपचार करणाऱ्याला ती कामाची असते, पण हा आकडा कारण आणि योगायोग यांच्यातली भिंत आहे असं मी मानत नाही. नमुना पातळ असेल तर संख्या कमी भरते. एकाच माणसात ती आज एक आणि परवा दुसरी निघते. माझा नियम साधा आहे: ब्लास्टोसिस्टिस दिसला आणि रुग्णाला त्रास असेल, तर शोध थांबवायचा नाही, आणखी काय आहे ते नीट बघायचं. पहिला रिपोर्ट खोटा नव्हता. तो हाती आल्यावर शोध थांबला, इथे गाडं अडलं. अशी चूक फार जागी होते, कारण काहीतरी सापडलं की सगळ्यांना हायसं वाटतं.

आता दुसऱ्या लॅबच्या ‘नॉट सीन’ कडे येऊ. हे दोन्ही जीव त्यांना का दिसले नाहीत, याची कारणं वेगवेगळी आहेत.

ब्लास्टोसिस्टिस कदाचित मेट्रोनिडाझोलने कमी झाला असेल. ते औषध त्याच्यावर कधी चालतं, कधी नाही. पण दुसरी शक्यता मला तितकीच मोठी वाटते. बऱ्याच लॅब नमुना फॉर्मॉल-इथर पद्धतीने संहत करतात. म्हणजे नमुना फॉर्मालिनमध्ये कालवायचा, गाळायचा, इथर किंवा इथाइल अॅसिटेट घालून जोरात हलवायचा, सेंट्रिफ्यूज करायचा आणि तळाचा गाळ बघायचा. कृमींची अंडी आणि टणक आवरणाचे सिस्ट यासाठी ही पद्धत उत्तम आहे. नाजूक ब्लास्टोसिस्टिसचा मात्र तीत निभाव लागत नाही. तो हवा असेल तर ताज्या नमुन्याची सलाइन स्लाइड, त्याहून चांगली म्हणजे ट्रायक्रोमने रंगवलेली कायम स्लाइड, किंवा 37 अंशांवर दोन-तीन दिवसांचं कल्चर लागतं. पीसीआर या सगळ्यांपेक्षा जास्त पकडतो.

सायक्लोस्पोराची गोष्ट वेगळी. त्याचा ऊसिस्ट, म्हणजे शौचातून बाहेर पडणारं त्याचं आवरणबंद रूप, चिवट असतो, संहत करताना फुटत नाही. अडचण अशी की तो शौचातून कमी संख्येने आणि अधूनमधून पडतो. तुम्ही नमुना दिला तो बरं वाटत असतानाचा, आणि एकच. शिवाय संहत न करता साध्या थेंबात बघितलं असेल, तर तुरळक ऊसिस्ट त्या एका थेंबात येणं नशिबावर अवलंबून. म्हणून सायक्लोस्पोराची शंका असेल तर दोन-तीन दिवसांच्या अंतराने किमान तीन नमुने मागतात. पण तीन नमुनेही वाया जातात, जर ते नुसते ‘रूटीन’ म्हणून बघितले तर.

कारण सायक्लोस्पोरा साध्या स्लाइडवर दिसतो, पण तो आहे हे डोक्यात असलेल्या माणसालाच. सलाइनमध्ये तो 8 ते 10 मायक्रॉनचा, अगदी गोल, स्पष्ट आवरणाचा, बिनरंगी गोळा असतो. मापात तो नेमका नेहमीच्या ब्लास्टोसिस्टिसवरच येऊन बसतो. पण आतून दोघं उलटे. ब्लास्टोसिस्टिसचा मध्य रिकामा आणि ऐवज कडेला. सायक्लोस्पोराचा ऐवज मध्यभागी, चकाकत्या, किंचित हिरवट झाक असलेल्या बारीक गोलकांचा घोस, आणि भोवती मोकळी जागा. ही हिरवट झाक आणि हा घोस यांनी पूर्वी जाणकारांनाही चकवलं होतं. संशोधक ॲशफर्ड यांनी 1979 मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या रुग्णांच्या शौचात हे गोळे दिसल्याचं लिहिलं. पुढे अनेक वर्षं त्यांना निळ्या-हिरव्या शेवाळासारखे जीव किंवा ‘मोठा क्रिप्टोस्पोरिडियम’ म्हणत; क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा दुसरा, लहान परजीवी. पेरूमधल्या लिमाच्या कायेतानो एरेदिया विद्यापीठातल्या कामातून 1993 मध्ये खरी ओळख पटली. ऊसिस्ट पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये ठेवून पक्व होऊ दिल्यावर प्रत्येकात दोन स्पोरोसिस्ट आणि त्या प्रत्येकात दोन स्पोरोझोइट दिसले. म्हणून त्याचं नाव सायक्लोस्पोरा कायेतानेन्सिस.

तिसऱ्या लॅबने काय केलं असावं? तुम्ही पद्धत लिहिली नाही, पण ‘तुरळक’ या शब्दावरून मला वाटतं त्यांनी नमुना संहत करून मॉडिफाइड झील-नील्सन, म्हणजे झेड-एन, रंग दिला. क्षयासाठी वापरतात तोच कार्बोल फुक्सिन, पण रंग उतरवायचं आम्ल सौम्य, साधारण एक टक्का सल्फ्युरिक. क्षयाच्या बाटलीतलं 20 टक्क्यांचं आम्ल चुकून ओतलं गेलं तर उरलेला रंगही धुऊन निघतो. आम्ल बरोबर असूनही सायक्लोस्पोरा लहरीच. एकाच फील्डमध्ये एक ऊसिस्ट गडद लाल, शेजारचा फिकट गुलाबी आणि ठिपकेदार, तिसरा अजिबात रंग न घेतलेला, काचेसारखा, आवरण सुरकुतलेलं. हा बिनरंगी ऊसिस्ट नवख्याला बुडबुडा वाटतो. मला मात्र तो फार उपयोगी पडतो, कारण लाल, गुलाबी आणि कोरे असे एकाच मापाचे गोळे एकत्र दिसले की सायक्लोस्पोराची शंका बळावते. याउलट सगळे सारखे लाल आणि निम्म्या मापाचे, म्हणजे 4 ते 6 मायक्रॉनचे असतील तर तो क्रिप्टोस्पोरिडियम.

म्हणून माप घेतल्याशिवाय यांच्यापैकी कोणाचंही नाव लिहू नये असं माझं ठाम मत आहे. आयपीसमध्ये मायक्रोमीटर हवा आणि तो त्या मायक्रोस्कोपच्या प्रत्येक लेन्सशी जुळवलेला हवा. अंदाजाने ‘छोटा गोल लाल’ म्हणून क्रिप्टोस्पोरिडियम लिहिला गेला, तर रुग्णाला सायक्लोस्पोरावर चालणारं औषध मिळतच नाही. मायक्रोमीटर नसेल आणि त्याच स्लाइडवर तांबड्या रक्तपेशी असतील, तर त्या साधारण 7 मायक्रॉनच्या धरून तुलना करता येते. ऊसिस्ट त्यांच्यापेक्षा थोडा मोठा भरतो.

रंगाच्या या लहरीपणावर दोन उतारे आहेत. एक म्हणजे सॅफ्रानिन. स्लाइडला मायक्रोवेव्हमध्ये नीट उष्णता दिली तर ऊसिस्ट बरेच एकसारखे नारिंगी-लाल होतात. दुसरा उतारा मला जास्त आवडतो, तो म्हणजे रंग न देताच फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली बघणं. सायक्लोस्पोराचं आवरण अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात, 330 ते 365 नॅनोमीटरच्या फिल्टरमधून, स्वतःहून निळं चमकतं. काळ्या पार्श्वभूमीवर एक स्वच्छ निळं कडं दिसतं आणि अख्खी स्लाइड काही मिनिटांत चाळून होते. निळ्या प्रकाशाच्या 450 ते 490 च्या फिल्टरमध्ये तेच कडं हिरवट दिसतं. पण शौचात चमकणारा कचराही असतो. म्हणून कडं दिसलं की त्याच जागी साध्या प्रकाशात येऊन माप आणि आतला घोस तपासायचा, मगच लिहायचं. ब्लास्टोसिस्टिसला तसं आवरण नाही, त्यामुळे तिथे असं कडं मिळत नाही.

आता लक्षात येईल की रंगही एकमेकांविरुद्ध आहेत. ट्रायक्रोममध्ये ब्लास्टोसिस्टिस सुरेख दिसतो, पण सायक्लोस्पोरा रंगच घेत नाही. झेड-एनमध्ये सायक्लोस्पोरा सापडतो, पण ब्लास्टोसिस्टिस मागच्या निळ्या किंवा हिरव्या रंगात हरवतो. तुमच्या तिसऱ्या रिपोर्टवर ब्लास्टोसिस्टिस नाही याचा अर्थ तो गेला असा घेऊ नका. त्या स्लाइडवर त्याला कोणी शोधलंच नसेल, आणि शोधलं तरी तो दिसला नसता.

आता तुमच्या तारखा लावून बघू. सायक्लोस्पोराचा संसर्ग झाल्यावर त्रास साधारण आठवड्याभराने सुरू होतो. पातळ संडास, भूक पूर्ण जाणं, वजन उतरणं, अंगात त्राण नसणं, आणि मुख्य म्हणजे मध्ये बरं वाटून पुन्हा उलटणं, ही त्याची चाल आहे. उपचार नसेल तर हे आठवडेच्या आठवडे चालतं. मेट्रोनिडाझोल सायक्लोस्पोरावर चालत नाही. मग ते संपल्यावर चार दिवस बरं का वाटलं? माझ्या मते ती या आजाराची स्वतःचीच उघडीप होती आणि श्रेय औषधाला मिळालं. त्याच उघडिपीत दुसरा नमुना दिला गेला, म्हणून तो कोरा निघाला. आजार उलटल्यावर दिलेल्या तिसऱ्या नमुन्यात ऊसिस्ट पडले, आणि यावेळी त्यांना शोधणारी पद्धतही वापरली गेली. असं मांडलं की तिन्ही रिपोर्ट एका ओळीत बसतात.

एका गोष्टीची खातरजमा मात्र करा. तिसऱ्या लॅबला फोन करून विचारा की ऊसिस्ट मोजले होते का, किती मायक्रॉन भरले, आणि कोणता रंग किंवा फ्लुओरेसन्स वापरला. चांगली लॅब हे सांगायला कचरत नाही. उत्तर मोघम आलं तर स्लाइड किंवा उरलेला नमुना दुसऱ्या कुणाला दाखवता येईल. पीसीआरचाही पर्याय आहे, पण दोन गोष्टी आधी विचारा. पोटाच्या संसर्गाच्या पॅनेलमध्ये सायक्लोस्पोरा आहे का, कारण प्रत्येक पॅनेलमध्ये तो नसतो, आणि ब्लास्टोसिस्टिस तर बहुतेकांत वगळलेलाच असतो. आणि नमुना कशात ठेवला आहे, कारण फॉर्मालिनमध्ये बरेच दिवस राहिलेल्या नमुन्यावर पीसीआर नीट चालत नाही.

ओळख पक्की असेल तर सायक्लोस्पोरावरचं नेहमीचं औषध को-ट्रायमॉक्साझोल आहे, मोठ्यांना 160/800 ची गोळी दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस. ते तुमच्या डॉक्टरांनीच लिहून द्यायचं. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी पूर्वी कधी झाली असेल तर आधी सांगा, कारण पर्यायी औषधं आहेत पण ती यापेक्षा कमी पडतात. प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार किंवा औषध चालू असेल तर मुदत आणि पाठपुरावा दोन्ही वेगळे ठरतात, तेही लपवू नका.

घरच्यांची काळजी तुम्ही विचारली नाहीत, पण हा प्रश्न पुढे येतोच. तुमच्याकडून त्यांना सायक्लोस्पोरा थेट लागण्याची भीती जवळपास नाही. ताज्या शौचातला ऊसिस्ट अपक्व असतो. बाहेर उबदार हवेत एक-दोन आठवडे गेल्याशिवाय तो संसर्ग करू शकत नाही. तो पोहोचतो दूषित पाण्यातून आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या फळ-भाज्यांतून. 1996 मध्ये अमेरिका आणि कॅनडात ग्वाटेमालाहून आलेल्या रास्पबेरींमधून त्याची मोठी साथ आली होती. घरात आणखी कुणाला असेच जुलाब असतील तर त्याने तेच अन्न-पाणी घेतलं असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी त्याच्या तपासणीच्या चिठ्ठीवर ‘सायक्लोस्पोरासाठी’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘शौच तपासणी’ लिहिलं तर बहुतेक लॅब त्याला शोधत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोषही नाही.

को-ट्रायमॉक्साझोलनंतर संडास बांधून आली, भूक परतली, वजन भरू लागलं, तर ब्लास्टोसिस्टिस आहे की गेला हे बघायला पुन्हा नमुना देऊ नका. तो असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्रास नसताना त्याच्या मागे औषध घेत फिरण्यात हशील नाही. औषध पूर्ण करूनही जुलाब राहिले तर मात्र दोन-तीन दिवसांच्या अंतराने तीन नमुने द्या. त्यांतला एक ताजा, काहीही न मिसळलेला, तासाभरात लॅबमध्ये पोहोचेल असा. सोबत एक कागद द्या: आधी काय सापडलं, कोणती औषधं कधी घेतली, आणि नमुना त्रास असतानाचा आहे की बरं वाटत असतानाचा. तो कागद वाचून मी तरी स्लाइड वेगळ्या नजरेने बघतो.